सल्फेटचे भारमितीय पृथक्करण: अहवाल लिहिताना त्रुटींची दिशा, आकार आणि पुरावा

बेरियम सल्फेटच्या रूपात सल्फेट मोजण्याचा प्रयोग बहुतेकांना करता येतो, पण त्याचा अहवाल लिहायला बसल्यावर शेवटचा परिच्छेद अडखळतो. उत्तर अपेक्षेपेक्षा थोडे कमी आलेले असते. मग "सहअवक्षेपण, अपुरी धुलाई व तापवताना झालेला ऱ्हास यांमुळे त्रुटी आली असावी" असे एक वाक्य लिहून वही मिटली जाते. या वाक्यातल्या तीन कारणांपैकी एक उत्तर वाढवते, एक कमी करते आणि एक परिस्थितीनुसार दोन्हींपैकी काहीही करते. तिन्ही एकत्र लिहिल्याने काहीच सांगितले जात नाही.

त्रुटीच्या प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारायचे असतात. त्याने उत्तर वाढेल की घटेल? किती मिलिग्रॅमने? आणि ते खरोखर घडले याची खूण आपल्या नोंदींत आहे का? या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन ही तीन उत्तरे कशी काढायची ते पाहू.

उदाहरणातला नमुना आणि कृती

नमुना आहे निर्जल सोडियम सल्फेट आणि सोडियम क्लोराइड यांचे मिश्रण. ते मोजून तयार केलेले असल्यामुळे त्यातले सल्फेटचे खरे प्रमाण माहीत आहे: ४५.२२ टक्के. खरे उत्तर माहीत असलेला नमुना त्रुटींच्या अभ्यासाला सर्वांत सोयीचा असतो.

अहवालात कृती भूतकाळात आणि थोडक्यात लिहावी, पण ज्या आकड्यांवर पुढे चर्चा उभी राहणार आहे ते एकही गाळू नयेत. या प्रयोगापुरते ते असे लिहिता येईल:

"११० °से.ला वाळवलेला सुमारे ०.५ ग्रॅम नमुना ४०० मिलिच्या बीकरमध्ये २५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ०.५ मिलि घातले. द्रावण उकळीच्या जवळ आणून, सतत ढवळत, ५ टक्के बेरियम क्लोराइडचे (BaCl2·2H2O) १३ मिलि गरम द्रावण थेंबाथेंबाने ४ मिनिटांत घातले. अवक्षेप खाली बसल्यावर वरच्या नितळ द्रावात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकले. गढूळपणा आला नाही. बीकर झाकून वाफेच्या तापकावर १ तास ठेवला. राखविरहित, बारीक छिद्रांच्या फिल्टर पेपरवर अवक्षेप गाळला. गरम पाण्याच्या प्रत्येकी सुमारे १० मिलिच्या भागांनी तो धुतला. पेपर क्रूसिबलमध्ये वाळवून, मंद आचेवर कोळसा करून, नंतर ८५० °से.ला मफल भट्टीत तापवले. डेसिकेटरमध्ये ३० मिनिटे थंड करून वजन केले. लागोपाठच्या दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक येईपर्यंत हे पुन्हा केले."

१३ मिलि हा आकडा कुठून आला, तेही एका ओळीत लिहावे. पहिल्या, ०.५०२४ ग्रॅम नमुन्यातून सुमारे ०.५५२ ग्रॅम बेरियम सल्फेट मिळायला हवे. त्याला ०.५७८ ग्रॅम BaCl2·2H2O लागते, म्हणजे ५ टक्के द्रावणाचे ११.६ मिलि. त्यावर दहाएक टक्के जास्त धरून १३ मिलि. या जास्तीच्या बेरियममुळे द्रावणात विरघळून राहणारे बेरियम सल्फेट थंड द्रावणात ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली जाते. म्हणून "अवक्षेपण अपुरे झाले" हे कारण इथे यादीत घालायचेच नाही. बेरियमच्या दोन थेंबांची चाचणी हा त्याचा पुरावा आहे.

आम्ल का घातले, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. आम्लाने कार्बोनेट आणि फॉस्फेट यांचे बेरियम क्षार अवक्षेपित होत नाहीत आणि सल्फेटचे स्फटिकही मोठे, गाळायला सोपे होतात. मात्र आम्ल जास्त झाले तर काही सल्फेट HSO4⁻ रूपात जाऊन विद्राव्यता वाढते. म्हणून ते मोजून घालायचे. बाटलीतून अंदाजाने ओतायचे नाही.

प्रयोग चालू असतानाच करायच्या नोंदी

चर्चेचा कच्चा माल इथे तयार होतो. दोन दिवसांनी आठवून या गोष्टी लिहिता येत नाहीत. पुढच्या नोंदी त्या त्या वेळीच वहीत उतरवाव्यात: बेरियम क्लोराइड घालायला लागलेला वेळ, डायजेशनचा, म्हणजे अवक्षेप गरम द्रावातच ठेवून स्फटिक वाढू देण्याचा, वेळ, गाळून खाली आलेले द्रावण नितळ होते की दुधाळ, किती भागांनी, एकूण किती पाण्याने धुतले, सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत कितव्या भागाला गढूळपणा दिसेनासा झाला, पेपरने पेट घेतला का, तापवल्यानंतर अवक्षेपाचा रंग, आणि क्रूसिबलचे प्रत्येक वजन, फक्त शेवटचे नव्हे.

वजनांची पूर्ण मालिका का हवी ते पहिल्या क्रूसिबलवरून दिसेल. रिकामे क्रूसिबल २४.६१८५ ग्रॅम. अवक्षेपासह पहिल्यांदा २५.१६८९, दुसऱ्यांदा २५.१६७९, तिसऱ्यांदा २५.१६७८. पहिल्या आणि दुसऱ्या वजनात १ मिलिग्रॅमची घट आहे. बेरियम सल्फेटचे स्फटिक वाढताना थोडे पाणी आत धरून ठेवतात आणि ते साध्या वाळवण्याने निघत नाही. एकदाच तापवून थांबले असते तर उत्तर १ मिलिग्रॅमने फुगले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वजनांत ०.१ मिलिग्रॅमचा फरक आहे, म्हणून तिसरे वजन घेऊन अवक्षेप ०.५४९३ ग्रॅम.

गणित

बेरियम सल्फेटचा रेणुभार २३३.३९, सल्फेटचा ९६.०६. भागाकार ०.४११६. अवक्षेपाच्या वजनाला याने गुणले की सल्फेटचे वजन मिळते.

पहिला नमुना ०.५०२४ ग्रॅम. सल्फेट = ०.५४९३ × ०.४११६ = ०.२२६१ ग्रॅम, म्हणजे ४५.०० टक्के. तिन्ही निर्धारणांचा तक्ता असा:

| क्र. | नमुना (ग्रॅम) | अवक्षेप (ग्रॅम) | सल्फेट (%) | अवक्षेपाचे रूप |
|---|---|---|---|---|
| १ | ०.५०२४ | ०.५४९३ | ४५.०० | शुभ्र |
| २ | ०.४९८७ | ०.५४६१ | ४५.०७ | शुभ्र |
| ३ | ०.५११२ | ०.५५३७ | ४४.५८ | करडी झाक |

घाई करणारा इथे तिन्हींची सरासरी काढतो. ते चूक आहे. तिसरा आकडा बाकीच्या दोनांपासून दूर आहे आणि त्याच्या शेजारी "करडी झाक" अशी नोंद आहे. आकडा वेगळा पडला एवढ्यावरून तो वगळायचा नसतो, पण वेगळा पडण्याचे दिसणारे कारण असेल तर आधी त्याचा छडा लावायचा. म्हणून चर्चेची सुरुवात शेवटच्या पायरीपासून, तापवण्यापासून करू.

तापवताना काय हरवते आणि काय हरवत नाही

अहवालात हमखास दिसणारे एक वाक्य: "जास्त तापमानाला बेरियम सल्फेटचे विघटन झाले." ८५० °से.ला शुद्ध बेरियम सल्फेटचे विघटन होत नाही. त्यासाठी १४०० °से.च्या आसपास किंवा त्याहून वर जावे लागते, आणि नेहमीच्या मफल भट्टीत आपण तिथे पोहोचत नाही. वजन घटते ते फिल्टर पेपरच्या कोळशामुळे. हवा पुरेशी नसेल आणि कोळसा पूर्ण जळण्याआधीच तापमान चढले, तर कार्बन सल्फेटचा ऑक्सिजन काढून घेतो:

BaSO4 + 4C → BaS + 4CO

२३३.३९ भाग बेरियम सल्फेटचे १६९.३९ भाग बेरियम सल्फाइड होते. म्हणजे ६४.०० भाग वजन जाते. त्रुटी ऋण.

याची खूण ओळखता येते. अवक्षेपाला करडी किंवा पिवळसर झाक येते, आणि थंड झाल्यावर त्यावर विरल आम्लाचा थेंब टाकला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. नुसता करडा रंग मात्र न जळलेल्या कोळशामुळेही येऊ शकतो, आणि त्याची दिशा उलटी असते: कोळशाचे स्वतःचे वजन असल्यामुळे उत्तर वाढते. म्हणून "रंग करडा होता, म्हणून ऱ्हास झाला" एवढे पुरत नाही. आधी झाकण तिरके ठेवून, हवा खेळती ठेवून पुन्हा तापवावे. कोळसा असेल तर जळून वजन घटेल. सल्फाइड असेल तर ते हवेत हळूहळू पुन्हा सल्फेट होऊन वजन वाढेल.

तिसऱ्या क्रूसिबलवर खात्रीचा उपाय केला. थंड झालेल्या अवक्षेपावर १:१ सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब धूरपेटीत टाकले, वास आला. मग अगदी मंद आचेवर पांढरे धूर पूर्ण थांबेपर्यंत तापवले आणि पुन्हा ८५० °से.ला ठेवून स्थिर वजन घेतले. नवे वजन ०.५५९१ ग्रॅम, सल्फेट ४५.०२ टक्के. वाढ ५.४ मिलिग्रॅम.

या वाढीवरून किती अवक्षेप बिघडला होता ते काढता येते: ५.४ × २३३.३९ ÷ ६४.०० = १९.७ मिलिग्रॅम. म्हणजे एकूण अवक्षेपाच्या साडेतीन टक्के भागाचे सल्फाइड झाले होते. हा आकडा अहवालात जरूर द्यावा, कारण "थोडा ऱ्हास" आणि "साडेतीन टक्के अवक्षेपाचे क्षपण" यांत वाचणाऱ्याला मिळणारी माहिती अगदी वेगळी आहे.

आम्लाचा उपाय करताना दोन धोके आहेत. आच जोरात लावली तर आम्ल उडते आणि त्याबरोबर अवक्षेपाचे कणही बाहेर पडतात. धूर पूर्ण जाण्याआधी थांबलो तर उरलेल्या आम्लाचे वजन उत्तरात मिसळते. दुसऱ्या शंकेला उत्तर म्हणून पहिल्या, शुभ्र अवक्षेपालाही हाच उपचार द्यावा. इथे त्याचे वजन ०.५४९३ वरून ०.५४९४ झाले, म्हणजे तराजूच्या मर्यादेत तेच राहिले. या एका ताळ्याने दोन गोष्टी कळल्या: आम्ल मागे उरत नाही, आणि पहिल्या क्रूसिबलमध्ये सल्फाइड नव्हते.

तापवण्यातले आणखी एक नुकसान यांत्रिक आहे. पेपरने पेट घेतला की ज्वाळेबरोबर बारीक कण उडून जातात. ते परत मिळत नाहीत आणि किती गेले ते मोजता येत नाही. म्हणून "पेपर पेटला" ही नोंद असेल तर ते निर्धारण स्पष्ट सांगून वगळावे. अंदाजाने दुरुस्त करू नये. गरम क्रूसिबल तराजूवर ठेवल्यानेही वजन कमी दिसते, कारण भोवतालची हवा तापून वर चढते. पण ती वजन करण्यातली चूक आहे. तिला ज्वलनाचा ऱ्हास म्हणू नये.

धुलाई: अपुरी आणि जास्त

आता तीन निर्धारणे ४५.००, ४५.०७ आणि ४५.०२ अशी झाली. सरासरी ४५.०३, प्रमाण विचलन सुमारे ०.०४. खऱ्या मूल्यापेक्षा फरक −०.१९, म्हणजे सापेक्ष त्रुटी −०.४ टक्के. आकडे एकमेकांशी इतके जुळतात आणि तरी तिन्ही खालीच आहेत. हा योगायोगाचा विखुरलेपणा नव्हे. एकाच दिशेला ओढणारी, पद्धतशीर त्रुटी आहे. वजनांत बोलायचे तर पहिल्या नमुन्यातून ०.५५२० ग्रॅम मिळायला हवे होते आणि ०.५४९३ मिळाले. २.७ मिलिग्रॅम कुठे गेले?

अपुरी धुलाई हे उत्तर लगेच बाद होते, कारण तिची दिशा उलटी आहे. अवक्षेपावर राहिलेल्या द्रावात सोडियम क्लोराइड आणि जास्तीचे बेरियम क्लोराइड असते आणि दोन्ही वजनात भर घालतात. तरीही तिचा आकार काढून दाखवावा. गाळलेल्या सुमारे २६५ मिलि द्रावणात सोडियम क्लोराइड, बेरियम क्लोराइड मिळून अर्धा ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये जवळपास १.९ मिलिग्रॅम. निथळल्यानंतर अवक्षेप आणि पेपर यांत २ मिलि द्राव उरतो असे धरू. न धुता तापवले तर सुमारे ३.८ मिलिग्रॅमची भर पडेल. सोडियम क्लोराइड त्या तापमानाला वितळून थोडे उडून जाते, पण बेरियम क्लोराइड तिथेच राहते.

१० मिलि पाणी घालून पूर्ण निथळू दिले की २ मिलि उरलेला द्राव १२ मिलित विभागला जातो आणि त्यातला सहावा हिस्सा मागे राहतो. तीन भागांनंतर ३.८ मिलिग्रॅमचे ०.०१८ मिलिग्रॅम होतात. तेच ३० मिलि एकदम ओतले तर सोळावा हिस्सा, म्हणजे ०.२४ मिलिग्रॅम उरतो. पाणी तेवढेच, फरक साडेतेरापट. "थोडे थोडे पाणी घालून, प्रत्येक वेळी पूर्ण निथळू देऊन धुवा" या सूचनेमागे एवढेच गणित आहे. प्रत्यक्षात पाणी सगळीकडे सारखे पोहोचत नाही, पेपरच्या घडीत आणि वरच्या कडेला द्राव अडकतो, म्हणून तीनवर न थांबता चाचणीवर थांबायचे.

चाचणी अशी: फनेलमधून पडणारे ताजे धुवणपाणी २ मिलि घ्यावे, विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. काळ्या पार्श्वभूमीवर धरून पाहावे आणि शेजारी डिस्टिल्ड पाण्याची तशीच नळी ठेवावी, नाहीतर पाण्यातलाच क्लोराइड आपण अवक्षेपाच्या माथी मारतो. अहवालात "क्लोराइडमुक्त होईपर्यंत धुतले" एवढेच न लिहिता "आठव्या भागाला गढूळपणा दिसला नाही, एकूण १५ भाग, १५० मिलि" असे लिहावे.

१५० मिलि म्हणजे गरजेपेक्षा बरेच जास्त धुतले गेले. मग जास्त धुलाईने २.७ मिलिग्रॅम विरघळले का? २५ °से.ला १०० मिलि शुद्ध पाण्यात सुमारे ०.२५ मिलिग्रॅम बेरियम सल्फेट विरघळते, उकळत्या पाण्यात ०.४ च्या जवळपास. १५० मिलि पाणी पूर्ण संपृक्त होऊन खाली गेले असे धरले तरी नुकसान ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम. पाणी अवक्षेपावरून झरझर खाली उतरते, संपृक्त होत नाही, म्हणून खरे नुकसान त्याहून कमी. दिशा बरोबर आहे, पण आकार अपुरा. त्रुटीचे कारण असे अंशतः मान्य करणे हीच चांगल्या चर्चेची खूण: "जास्त धुलाईने फार तर ०.६ मिलिग्रॅमची घट समजावता येते. उरलेली किमान २.१ मिलिग्रॅमची घट समजावता येत नाही."

अवक्षेपाचे बारीक कण पेपरमधून निसटणे ही आणखी एक शक्यता. गाळलेले द्रावण झाकून रात्रभर ठेवले आणि सकाळी बीकरच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली नाही, एवढी नोंद असेल तर ती शक्यताही मिटते.

सहअवक्षेपण

आता उरलेले कारण. आधी एक गोंधळ दूर करू. "नीट न धुतल्यामुळे सहअवक्षेपण झाले" असे वाक्य अनेक वह्यांत सापडते. स्फटिक वाढताना त्याच्या आत अडकलेला परका क्षार कितीही धुतला तरी निघत नाही, कारण पाणी पृष्ठभागापर्यंतच पोहोचते. धुण्याने जाते ते पृष्ठभागावर चिकटलेले आणि कणांच्या मधल्या फटींतले. म्हणून क्लोराइडची चाचणी नकारात्मक आली याचा अर्थ अवक्षेप शुद्ध आहे असा होत नाही.

दुसरा गोंधळ दिशेचा. परका पदार्थ मिसळला म्हणजे वजन वाढणारच, असे वाटते. सल्फेट मोजताना ते नेहमी खरे नसते. आत अडकलेला क्षार कोणता यावर सगळे अवलंबून आहे.

बेरियम क्लोराइड अडकले तर त्यात आपले सल्फेट नसते. ते निव्वळ भर घालते, त्रुटी धन. सोडियम सल्फेट अडकले तर वेगळी गोष्ट घडते. त्यातल्या सल्फेटला बेरियम मिळाले असते तर त्याचे वजन २३३.३९ भरले असते. सोडियमबरोबर राहिल्यामुळे ते १४२.०४ भरते. अडकलेल्या प्रत्येक मिलिग्रॅम सोडियम सल्फेटमागे १.६४ ऐवजी १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६४ मिलिग्रॅमची तूट. अमोनियम सल्फेट अडकले तर ते तापवताना पूर्ण उडून जाते आणि प्रत्येक मिलिग्रॅममागे १.७७ मिलिग्रॅमची तूट येते. फेरिक लोह असेल तर फेरिक सल्फेट अडकते, तापल्यावर गंधकाचे ऑक्साइड सोडून तांबूस लोह ऑक्साइड मागे राहते. त्रुटी ऋण आणि रंगही साक्ष देतो. नायट्रेट असेल तर बेरियम नायट्रेट मोठ्या प्रमाणात अडकते आणि त्रुटी धन होते. म्हणून नायट्रेट असलेला नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर आटवून घेतात.

आपल्या नमुन्यात सोडियम भरपूर आहे. शिवाय आपण बेरियम सल्फेटच्या द्रावणात घातले, म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत द्रावणात सल्फेट जास्त होते. अशा वेळी वाढत्या स्फटिकाचा पृष्ठभाग सल्फेट आयन ओढून घेतो, त्यावर ऋण भार येतो आणि जवळचे धन आयन, इथे सोडियम, त्याला चिकटतात. थेंब झपाट्याने पडले तर ते निसटण्याआधीच वर नवा थर चढतो. उलट क्रमाने, म्हणजे सल्फेट बेरियमच्या द्रावणात घातले असते, तर पृष्ठभागावर बेरियम आणि त्याला चिकटलेला क्लोराइड जास्त सापडला असता आणि त्रुटी धन दिशेला सरकली असती.

आकार पाहू. २.७ मिलिग्रॅमची पूर्ण तूट सोडियम सल्फेटमुळे असेल तर २.७ ÷ ०.६४ = ४.२ मिलिग्रॅम सोडियम सल्फेट अडकले असले पाहिजे. ०.५५ ग्रॅम अवक्षेपाच्या मानाने हे पाऊण टक्का होते. बेरियम सल्फेट हा परके क्षार धरून ठेवण्यासाठी कुप्रसिद्धच आहे, म्हणून हा आकडा पटण्यासारखा आहे. दिशा जुळते, आकार जुळतो, आणि ४ मिनिटांत १३ मिलि घातल्याची नोंद त्याला दुजोरा देते. तिन्ही निर्धारणे सारख्याच वेगाने केल्यामुळे तिन्हींत सारखीच तूट येणेही साहजिक.

अजून एक सावधानता लिहायला हवी. शेवटच्या थेंबांच्या वेळी बेरियम जास्त होते आणि थोडे बेरियम क्लोराइडही अडकते. म्हणजे आपल्याला दिसते ती तूट ही ऋण आणि धन अशा दोन त्रुटींची बेरीज आहे. त्या एकमेकींना पूर्ण कापूनही टाकू शकतात. म्हणून उत्तर खऱ्या मूल्याशी तंतोतंत जुळले तरी अवक्षेप शुद्ध होता, असा निष्कर्ष काढू नये.

चर्चेचा परिच्छेद प्रत्यक्ष कसा दिसेल

वरचे सगळे गणित अहवालात भरायचे नसते. ते कच्च्या कामात राहते आणि परिच्छेद असा होतो:

"तीन निर्धारणांची सरासरी ४५.०३ टक्के (प्रमाण विचलन ०.०४), खरे मूल्य ४५.२२, सापेक्ष त्रुटी −०.४ टक्के. निर्धारण ३ चा अवक्षेप प्रथम करडा होता व उत्तर ४४.५८ आले. सल्फ्युरिक आम्लाच्या उपचारानंतर वजन ५.४ मिलिग्रॅमने वाढून उत्तर ४५.०२ झाले, यावरून सुमारे ३.५ टक्के अवक्षेपाचे सल्फाइड झाले होते. निर्धारण १ ला तोच उपचार दिल्यावर वजन बदलले नाही. उरलेली तूट प्रत्येक निर्धारणात सुमारे २ ते ३ मिलिग्रॅम आहे. अपुऱ्या धुलाईने वजन वाढले असते व क्लोराइडची चाचणी आठव्या भागाला नकारात्मक होती, म्हणून ते कारण संभवत नाही. धुवणपाण्यातील विद्राव्यतेने फार तर ०.६ मिलिग्रॅमची तूट समजावता येते. सोडियम सल्फेटचे सहअवक्षेपण हे प्रमुख कारण असावे. त्यासाठी अवक्षेपात सुमारे ३ ते ४ मिलिग्रॅम सोडियम सल्फेट असणे पुरेसे आहे."

३ ते ४ हा पल्ला कसा आला? धुलाईचे ०.६ मिलिग्रॅम पूर्ण धरले तर उरलेल्या २.१ ला ३.३ मिलिग्रॅम सोडियम सल्फेट लागते. अजिबात न धरले तर ४.२. दोन कारणांमधली नेमकी वाटणी माहीत नसताना एकच आकडा लिहिणे खोटेपणाचे ठरते.

"असावे" हा शब्दही विचारपूर्वक ठेवला आहे. सल्फाइडचा दावा प्रयोगाने सिद्ध झाला. सहअवक्षेपणाचा दावा बाकीची कारणे बाद करून आणि गणिताने पटला, पण थेट तपासला गेला नाही. दोन्हींना एकाच ठाम सुरात लिहिले तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतो.

पुढे काय करून पाहावे

"अधिक काळजी घ्यावी" हे या भागातले सर्वांत निरुपयोगी वाक्य. सुधारणा अशी सुचवावी की तिचा निकाल आपले कारण खरे की खोटे ते सांगेल. सोडियम सल्फेटचे सहअवक्षेपण हे कारण असेल, तर ४०० मिलि इतक्या विरल द्रावणात, १० ते १५ मिनिटे लावून बेरियम घातल्यास आणि डायजेशन रात्रभर चालू दिल्यास उत्तर ४५.२२ कडे सरकायला हवे. डायजेशनमध्ये छोटे, ओबडधोबड स्फटिक विरघळून मोठ्यांवर पुन्हा बसतात आणि अडकलेले काही आयन सुटतात. उलट, त्याच नमुन्यात मुद्दाम आणखी १ ग्रॅम सोडियम क्लोराइड घातले तर उत्तर आणखी खाली जायला हवे. दोन्ही वेळा उत्तर जागचे हलले नाही, तर सहअवक्षेपणाचा दावा मागे घ्यावा लागेल आणि नमुन्याच्या वजनाकडे किंवा तो वाळवण्याकडे पुन्हा पाहावे लागेल. न वाळलेला नमुनाही तिन्ही उत्तरे सारखीच खाली ओढतो.

इतर अवक्षेपांत चालणारा एक उपाय इथे सहज चालत नाही. अशुद्ध अवक्षेप विरघळवून पुन्हा अवक्षेपित करणे, हे बेरियम सल्फेटच्या बाबतीत साध्या आम्लांनी जमत नाही. अल्कलीयुक्त ईडीटीएच्या द्रावणात तो विरघळतो आणि आम्ल घातल्यावर पुन्हा मिळतो, पण नेहमीच्या प्रयोगासाठी हा मार्ग लांबचा आहे. त्यापेक्षा पहिल्यांदाच हळूहळू अवक्षेपण करणे सोपे पडते.

तापवण्यापुरती सुधारणा अशी: कोळसा पूर्ण जळून अवक्षेप पांढरा होईपर्यंत क्रूसिबल तिरके, झाकण अर्धवट उघडे आणि तापमान ६०० °से.च्या खाली ठेवावे. त्यानंतरच भट्टीत न्यावे. छिद्रयुक्त पोर्सेलीन क्रूसिबल उपलब्ध असेल तर अवक्षेप थेट त्यातच गाळावा. पेपरच नसल्यामुळे क्षपणाचा प्रश्नच उरत नाही, आणि अहवालातला तिसऱ्या निर्धारणाचा भाग लिहायची वेळही येत नाही.